मागचं आठवतंय का?

पुण्यात, मुंबईत, आणि नोकरीनिमित्त परदेशी गेलेल्या मराठी मुलांच्या घरांतही आता डंजन्स अँड ड्रॅगन्सचे गट जमतात. चार-पाच मित्र टेबलाभोवती बसतात. एक जण डंजन मास्टर होतो, त्याला सगळे डीएम म्हणतात. तो जग उभं करतो, गावातली माणसं बोलती करतो, संकटं आणतो. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात आणि आपलं पात्र काय करतं ते सांगत जातात. यशाची खात्री नसेल तिथे फासा पडतो. कथा कुणी आधी लिहिलेली नसते, ती खेळता खेळता घडते. एका बैठकीला सेशन म्हणतात आणि अशा पंधरा-वीस, कधी शंभर सेशन्सची मिळून एक कॅम्पेन होते.

या खेळाची सर्वांत मोठी अडचण ड्रॅगन नसून तारखा आहेत. कुणाची परीक्षा येते, कुणाच्या घरी बाळ येतं, कुणाची बदली होते, आणि दर पंधरा दिवसांनी जमणारा गट आठ महिने भेटत नाही. मग कधीतरी सगळ्यांना एक रविवार मोकळा सापडतो. पाने काढली जातात, फासे बाहेर येतात, आणि कुणीतरी विचारतं, "आपण कुठे होतो रे? तो बुटका कोण होता, आपला की त्यांचा?"

अशा वेळी डीएमनं लिहायचा असतो तो गोषवारा. इंग्रजीतून आलेला 'रिकॅप' हा शब्दच खेळणाऱ्यांच्या तोंडी आहे. क्रमशः कादंबऱ्या वाचलेल्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल, कारण मासिकात प्रत्येक हप्त्याच्या डोक्यावर चौकटीत मागील भागाचा सारांश असायचा. पण कादंबरीच्या वाचकाला पुढे फक्त वाचायचं असतं. खेळाडूला सारांश ऐकून दोन मिनिटांत निर्णय घ्यायचा असतो: दार उघडायचं का, या माणसावर विश्वास ठेवायचा का, पैसे घ्यायचे का. चांगल्या रिकॅपची सगळी रचना या एका फरकातून ठरते.

बहुतेक डीएम रिकॅप सुरुवातीपासून लिहायला घेतात. पहिल्या सेशनला काय झालं, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. हे स्वाभाविक आहे, कारण डीएमच्या वहीत सगळं तारीखवार असतं आणि त्याला त्या सगळ्याबद्दल जिव्हाळा असतो. पण ऐकणाऱ्यांना गुहेतल्या पहिल्या लढाईत किती गॉब्लिन होते याचा आता काही उपयोग नसतो. पाच मिनिटं असं वाचन झालं की डोळे मोबाइलकडे वळतात, आणि जी गोष्ट खरोखर लागणार होती ती शेवटच्या ओळीत येते तेव्हा कुणी ऐकत नसतं. म्हणून रिकॅप उलटा लिहावा. आधी ठरवावं की सेशन सुरू झाल्यावर खेळाडूंना पहिला निर्णय कोणता घ्यायचा आहे. मग स्वतःला विचारावं की हा निर्णय शहाणपणानं घेण्यासाठी त्यांना काय काय माहीत हवं. तेवढंच लिहावं. बाकीचं वहीत राहू द्यावं, लागेल तेव्हा काढता येतं.

एक खरी कथा घेऊन हे करून पाहू. २०१४ साली डंजन्स अँड ड्रॅगन्सची पाचवी आवृत्ती आली तेव्हा नवशिक्यांसाठी एक संच निघाला होता. त्यात 'लॉस्ट माइन ऑफ फँडेल्व्हर' नावाची तयार कथा आणि पाच तयार पात्रं होती. अनेकांची या खेळाशी पहिली ओळख याच कथेतून झाली. ज्यांना ती पुढे स्वतः खेळायची आहे त्यांनी हा लेख इथेच थांबवलेला बरा, कारण पुढे तिच्या पूर्वार्धातली दोन रहस्यं सांगावी लागणार आहेत.

कथा थोडक्यात अशी. गुंड्रेन रॉकसीकर नावाचा ड्वार्फ, म्हणजे बुटक्या, दणकट खाणकरी जमातीतला माणूस, नायकांना नेव्हरविंटर शहरातून मालाची गाडी फँडालिन गावी पोचवायला सांगतो. स्वतः तो सिल्डार हॉलविंटर या जुन्या योद्ध्यासोबत घोड्यावरून पुढे जातो. वाटेत नायकांना दोन मेलेले घोडे दिसतात आणि गॉब्लिन हल्ला करतात. माग काढत ते गॉब्लिनांच्या गुहेत पोचतात आणि तिथून सिल्डारला सोडवतात. गुंड्रेनला मात्र क्रॅगमॉ किल्ल्यावर नेलेलं असतं, आणि तो किल्ला कुठे आहे हे नायकांना ठाऊक नसतं. फँडालिनला आल्यावर कळतं की रेडब्रँड नावाच्या लाल झगेवाल्या गुंडांनी गाव वेठीला धरलं आहे.

समजा, आपल्या गटाचा खेळ इथेच थांबला. गावात हिंडून चौकशी झाली, रस्त्यात गुंडांशी मारामारी झाली, एक गुंड जिवंत पकडला, आणि त्यानं अड्ड्याची जागा सांगितली. सेशन संपलं, "पुढच्या वेळी अड्ड्यावर" असं ठरलं, आणि आठ महिने गेले.

पहिला निर्णय उघड आहे: अड्ड्यात शिरायचं का, कधी आणि कुठून. त्यावरून मागे येत लिहिलेला रिकॅप असा होईल:

"तुम्ही फँडालिन गावात आहात. संध्याकाळ आहे. रस्त्यात आडव्या आलेल्या लाल झगेवाल्यांशी तुमची मारामारी होऊन तासही झालेला नाही. त्यांच्यातला एक जण तुमच्या ताब्यात आहे आणि तो बोलला आहे. टोळीचा अड्डा गावाच्या पूर्व टोकाला, पडक्या ट्रेसेंडार वाड्याच्या तळघरांत आहे. म्होरक्याला ते ग्लासस्टाफ म्हणतात. तो जादूगार आहे.

तुम्ही इथे आलात ते गुंड्रेनचा माल पोचवायला. माल पोचला, गुंड्रेन पोचला नाही. गॉब्लिनांनी त्याला क्रॅगमॉ किल्ल्यावर नेलं, आणि तो किल्ला कुठे आहे ते तुम्हाला अजून कळलेलं नाही.

सिल्डार, म्हणजे गुहेतून तुम्ही सोडवलेले ते जखमी योद्धे, स्टोनहिल खानावळीत उतरले आहेत. त्यांना गुंड्रेन परत हवा आहे. शिवाय त्यांचा इयार्नो नावाचा एक सहकारी, तोही जादूगार, या गावात येऊन बेपत्ता झाला आहे. त्याचा शोध लावायचा आहे.

क्वेलीन ऑल्डरलीफ ही तुमच्यातल्या हाफलिंगची आत्या. तिचा मुलगा कार्प यानं रानातून वाड्याखाली जाणारं एक भुयार पाहिलं आहे.

हालिया थॉर्नटन गावातल्या खाणवाल्यांची देवघेव सांभाळते. म्होरक्याला संपवा आणि त्याच्या खोलीतली कागदपत्रं मला आणून द्या, पैसे देते, असं ती म्हणाली आहे.

थेल डेंड्रार या कारागिराला टोळीनं मारलं. त्याची बायको आणि दोन मुलं तेव्हापासून कुणाला दिसलेली नाहीत.

अंधार पडतो आहे. रस्त्यावर गेलेली माणसं परतली नाहीत हे अड्ड्यात लवकरच लक्षात येईल. काय करता?"

हे मोठ्यानं वाचायला दीड-दोन मिनिटं लागतात. फोनवर पाठवलं तर एका पडद्याहून थोडं जास्त. आठ महिन्यांच्या खंडानंतरही याहून मोठा रिकॅप लागत नाही असं माझं मत आहे. खंड जितका लांब तितका रिकॅप लांब, हा समज चुकीचा आहे. खंड लांबला की माणसं जास्त विसरतात हे खरं, पण एका वेळी डोक्यात धरण्याची त्यांची ताकद काही वाढत नाही.

यात काय गाळलं ते पाहण्यासारखं आहे. गुहेतली लढाई नाही, दोन मेलेले घोडे नाहीत. गावातल्या सिस्टर गाराएलनं अगाथा नावाच्या भुताकडे जाण्याची विनंती केली होती, तीही नाही. बागाईत करणारे म्हातारे दारान एडरमाथ नाहीत. त्यांची कामं रद्द झालेली नाहीत, फक्त आज रात्रीच्या निर्णयाशी त्यांचा संबंध नाही. अड्ड्याचं प्रकरण मिटून पुढे काय असा प्रश्न येईल तेव्हा डीएम त्यांची आठवण करून देईल, शक्यतो त्यांच्याच तोंडून. अशी बाजूला ठेवलेली कामं एका वेगळ्या कागदावर लिहून टेबलाच्या मध्ये ठेवली तर ज्याला हवं तो बघतो आणि कुणावर भार पडत नाही.

आता मित्रपक्षाकडे येऊ. लांब खंडानंतर घटनांपेक्षा माणसं लवकर विसरली जातात, विशेषतः नावं. या कथेत एका गावातच डझनभर बोलकी माणसं आहेत, आणि नावं सगळी परकी. खेळाडूंना चेहरा आठवतो, आवाज आठवतो, डीएमनं तो आवाज काढताना केलेली नक्कल आठवते, पण नाव आठवत नाही. म्हणून नुसती नावांची यादी देणं निरुपयोगी. प्रत्येक मित्राबरोबर तीन गोष्टी जाव्यात: ओळखण्याची एक खूण, आपला त्याच्याशी आलेला व्यवहार, आणि त्याला आत्ता काय हवं आहे. वरच्या रिकॅपमध्ये सिल्डारचं वाक्य पाहा. 'गुहेतून तुम्ही सोडवलेले' यात व्यवहार आला, 'जखमी योद्धे' ही खूण झाली, आणि पुढे त्यांच्या दोन इच्छा आल्या. सिल्डार कोणत्या संघटनेचे सदस्य आहेत हे मी लिहिलं नाही. ते खरं आहे, खेळाडूंना सांगितलंही होतं, पण त्यावरून कुणाला माणूस आठवणार नाही.

तीनपैकी शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. मित्र म्हणजे मदत करणारा एवढंच लिहिलं तर खेळाडू त्याला विसरतात किंवा नोकरासारखं वापरतात. त्याला काय हवं आहे हे लिहिलं की तो पुन्हा माणूस होतो, आणि त्याच्याकडे जाण्याचं कारण मिळतं. हालियाच्या बाबतीत तर हे फार कामाचं आहे. तिला कागदपत्रं का हवीत, हा प्रश्न रिकॅप ऐकतानाच एखाद्या खेळाडूच्या मनात उभा राहिला पाहिजे.

टेबलावर पडलेली टोपणनावं जपावीत. एखाद्या गटानं सिल्डारला पहिल्याच सेशनला 'काका' करून टाकलेलं असतं. मग रिकॅपमध्ये 'सिल्डारकाका' लिहावं. डीएमला ते खेळाच्या गांभीर्याला शोभणारं वाटणार नाही, पण खेळाडूंच्या आठवणीत तो माणूस त्याच नावाखाली ठेवलेला आहे. सारख्या नावांबाबतही जपायला हवं. या कथेत गॉब्लिनांची गुहाही क्रॅगमॉची आणि किल्लाही क्रॅगमॉचा. खंडानंतर हमखास कुणीतरी म्हणतं, "क्रॅगमॉला तर आपण जाऊन आलो ना?" म्हणून वर एकाला फक्त 'गुहा' म्हटलं आहे आणि नाव किल्ल्यापुरतंच वापरलं आहे.

शक्य तिथे मित्राला एखाद्या पात्राशी बांधावं. संचातल्या तयार पात्रांत ही सोय मुद्दाम केलेली आहे. हाफलिंग चोर क्वेलीनचा भाचा आहे, ड्वार्फ धर्मगुरू गुंड्रेनचा चुलतभाऊ आहे. त्यामुळे 'क्वेलीन नावाची शेतकरीण' असं न लिहिता 'तुमच्यातल्या हाफलिंगची आत्या' असं लिहिलं की तो खेळाडू सावरून बसतो. ती आता त्याची जबाबदारी असते, आणि पुढे कुणी विसरलं तर तोच आठवण करून देतो. डीएमच्या मार्गदर्शनासाठी २०१८ मध्ये 'रिटर्न ऑफ द लेझी डंजन मास्टर' हे पुस्तक लिहिणारे माइक शे तयारीची पहिली पायरी म्हणून पात्रांची उजळणी करायला सांगतात. कथा, राक्षस, नकाशे सगळं त्यानंतर. लांब खंडानंतर ही पायरी चुकवू नये, कारण रिकॅप लिहिणाऱ्यालाही आठ महिन्यांनी कोणाचं पात्र कुणाचं कोण हे नीट आठवत नसतं.

आता त्या दोन रहस्यांविषयी. डीएमला ठाऊक आहे की ग्लासस्टाफ हाच इयार्नो. गावाला शिस्त लावायला आलेला जादूगारच गुंडांचा म्होरक्या झाला आहे. त्याला हेही ठाऊक आहे की हालिया एका गुप्त संघटनेची हस्तक आहे आणि टोळी मोडून तिला तीच जागा स्वतःकडे घ्यायची आहे. खेळाडूंना यातलं काहीच माहीत नाही. रिकॅप लिहिताना सर्वांत सहज होणारी चूक इथे होते. डीएमच्या मनात दोन्ही गोष्टी एकत्र असतात, त्यामुळे हात नकळत लिहून जातो: "हालिया आपला स्वार्थ साधण्यासाठी तुम्हाला वापरते आहे." किंवा इयार्नो आणि ग्लासस्टाफ ही दोन नावं एकाच परिच्छेदात शेजारी येतात आणि हुशार खेळाडू लगेच मान वर करतो. महिनोन् महिने जपलेली कलाटणी खेळ सुरू व्हायच्या आधीच संपते.

पण उलट बाजूची चूक त्याहून वाईट असते. रहस्य फुटेल या भीतीनं इयार्नोचं नावच रिकॅपमधून काढून टाकलं तर? खेळाडू अड्ड्यात शिरतील, म्होरक्याच्या टेबलावर इयार्नोच्या नावाचं पत्र सापडेल, आणि सगळे एकमेकांकडे बघत विचारतील, इयार्नो कोण? कलाटणी बसायची असेल तर आधीची अपेक्षा लक्षात असावी लागते. म्हणून इयार्नो रिकॅपमध्ये हवाच, मात्र सिल्डारच्या इच्छेचा भाग म्हणून. ग्लासस्टाफ जादूगार आहे हे पकडलेल्या गुंडाच्या बोलण्यात आलं, इयार्नो जादूगार आहे हे सिल्डारच्या बोलण्यात, आणि दोहोंमध्ये गुंड्रेनचा परिच्छेद आहे. दोन्ही खऱ्या खुणा समोर आहेत, त्या जोडण्याचं काम खेळाडूंवर सोडलं आहे. कुणी जोडल्या तर तो त्याचा हक्काचा विजय.

एक कसोटी इथे चालते. रिकॅपमधल्या प्रत्येक वाक्यावर बोट ठेवून विचारावं, हे पात्रांनी कुठे पाहिलं किंवा कुणाकडून ऐकलं? उत्तर देता आलं नाही तर ते वाक्य डीएमच्या वहीतून निसटून आलेलं आहे. 'हालिया म्हणाली' हे चालतं, 'हालियाचा डाव असा आहे' हे चालत नाही.

खुणांविषयी आणखी एक. जस्टिन अलेक्झांडर यांनी २००८ मध्ये मांडलेला एक नियम डीएम मंडळींत प्रसिद्ध आहे: खेळाडूंनी जो निष्कर्ष काढावा असं वाटतं, त्यासाठी निदान तीन वेगवेगळ्या खुणा ठेवाव्यात. एखादी हुकते, एखादीचा भलताच अर्थ लावला जातो, तिसरी कामी येते. लांब खंड आधी दिलेल्या खुणा जवळजवळ पुसून टाकतो. चार सेशन्स मागे दिलेली खूण आता दिली नसल्यासारखीच समजावी. म्हणून रिकॅप लिहून झाल्यावर पाहावं की पुढच्या दोन सेशन्समध्ये उलगडणाऱ्या प्रत्येक गोष्टीची एक तरी खूण त्यात उरली आहे का. नसेल तर ती रिकॅपमध्ये कोंबण्यापेक्षा खेळात नव्यानं ठेवावी. रस्त्यात एखादा गावकरी भेटून बोलला तरी पुरतं.

रिकॅप केव्हा आणि कसा द्यायचा, हा प्रश्न राहतो. माझी पद्धत अशी आहे की दोन-तीन दिवस आधी तो गटाला पाठवायचा, आणि टेबलावर बसल्यावर तो लगेच वाचायचा नाही. आधी विचारायचं, "कोणाला काय आठवतंय?" पाच मिनिटं गोंधळ होऊ द्यायचा. एकाला खानावळ आठवते, दुसऱ्याला भुयार, तिसऱ्याला कुणीतरी फाशात सलग तीनदा एक टाकला होता ते. मग कागद वाचायचा. यामागे स्मरणाचा एक नीट तपासलेला गुण आहे. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातले रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात, उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं. आठवड्यानंतर मात्र, न बघता आठवून लिहायचा प्रयत्न केलेल्यांना जास्त आठवलं. नुसतं ऐकवलेलं सेशन संपेपर्यंत टिकतं. स्वतः चाचपडून काढलेलं पुढच्या सेशनपर्यंत टिकतं.

या चाचपडण्यात डीएमचाही फायदा आहे. खेळाडूंच्या मनात कथेचं कोणतं रूप शिल्लक आहे ते त्याला कळतं. कोणी म्हणतं, "हालियाला आपण हो म्हणालो होतो," आणि डीएमच्या वहीत 'विचार करून सांगतो' असं लिहिलेलं असतं. अशा वेळी मोठं काही बिघडत नसेल तर टेबलाचं म्हणणं खरं धरावं. चौघांना जे एकमतानं आठवतं ते त्यांच्यापुरतं घडलेलंच आहे, आणि ते नाकारण्यात वेळ जातो. मात्र गुंड्रेन मेला असं कुणाला वाटत असेल, तर तिथल्या तिथे शांतपणे दुरुस्त करावं, कारण सगळी कॅम्पेन त्याच्यावर उभी आहे.

पात्रांच्या स्थितीचा भाग रिकॅपमध्ये मिसळू नये. कोणाला किती जखमा आहेत, कोणत्या जादू वापरून संपल्या, थैलीत काय आहे, हे ज्याच्या त्याच्या पात्राच्या पानावर असायला हवं. नसेल तर डीएमनं प्रत्येकाला वेगळी चिठ्ठी द्यावी. लांब खंडानंतर खेळाडू कथेइतकंच आपलं पात्र काय करू शकतं हेही विसरतात. जादूगाराच्या खेळाडूला आपल्याकडे झोपवणारी जादू आहे हे लढाई संपल्यावर आठवलं तर त्याला फार वाईट वाटतं. म्हणून चिठ्ठीवर त्याच्या पात्राच्या दोन-तीन हमखास युक्त्या लिहाव्यात. शक्य असेल तर त्यानं त्या सेशनच्या आधीच वाचून याव्यात. पहिला प्रसंगही असा ठेवावा की त्या वापरून बघता येतील आणि चुकलं तरी कुणी मरणार नाही.

खऱ्या जगात आठ महिने गेले असले तरी खेळातला वेळ तसाच आहे, हे पहिल्या दोन वाक्यांत सांगावं. वरच्या रिकॅपची सुरुवात गाव आणि संध्याकाळ यांनी होते ती म्हणूनच. हे सांगितलं नाही तर निम्मे खेळाडू "आता गावात काय चाललंय" असं विचारतात आणि निम्म्यांना वाटतं की आपण अजून मारामारीत आहोत. कधी उलट करणंही योग्य ठरतं. खेळ एखाद्या शांत ठिकाणी थांबला असेल तर खेळातही दोन महिने जाऊ द्यावेत आणि प्रत्येकाला विचारावं की तुझ्या पात्रानं या काळात काय केलं. विसरलेल्या गोष्टी मग पात्रांनाही पुसट आठवतात, आणि त्यात काही खोटं वाटत नाही. पण डोक्यावर संकट असताना, एक मित्र गॉब्लिनांच्या कैदेत असताना, दोन महिने जाऊ देता येत नाहीत. फँडालिनच्या उदाहरणात ही वाट बंद आहे.

काही डीएम रिकॅपला पत्राचं रूप देतात. सिल्डार आपल्या वरिष्ठांना अहवाल लिहितो आणि खेळाडू तो वाचतात. वाचायला ते फार गोड असतं, आणि थोड्या खंडानंतर मीही ते करते. आठ महिन्यांनंतर मात्र करू नये. सिल्डारला भुयार माहीत नाही, हालियाचं बोलणं माहीत नाही, म्हणून पत्रात ते येऊ शकत नाही. खेळाडूला मग पत्राचा अर्थ लावायचा, गाळलेलं आठवायचं आणि निर्णयही घ्यायचा, अशी तिहेरी मेहनत पडते.

रिकॅप जमला की नाही हे पहिल्या दहा मिनिटांत कळतं. वाचून झाल्यावर खेळाडू आपसात बोलू लागले, "भुयारातून जाऊ, पण आधी काकांना सांगू", तर जमला. सगळे डीएमकडे बघत राहिले आणि कुणीतरी "मग आता काय करायचं असतं?" असं विचारलं तर शेवटी निर्णय नीट मांडला गेला नाही. तो पुन्हा साध्या शब्दांत मांडावा, दोन-तीन वाटा नावानिशी सांगाव्यात. एकाच माणसाबद्दल दोघांनी "हा कोण?" असं विचारलं तर त्याची खूण कमी पडली. त्याला लगेच समोर आणावं, त्याच्या आवाजात दोन वाक्यं बोलावीत. डीएमच्या कागदापेक्षा ते जास्त लक्षात राहतं.

कधी कधी रिकॅप उत्तम असूनही टेबल थंड राहतं. तेव्हा दोष लिखाणाचा नसतो, त्या धाग्यातली गोडी संपलेली असते. अशा वेळी उघड विचारावं की तुम्हाला अजून गुंड्रेनला शोधायचंय का. नको असेल तर दुसऱ्या कुणाकरवी त्याची सुटका झाल्याची बातमी यावी आणि कथा पुढे जावी. जो खेळाडू खंडात गट सोडून गेला, त्याच्या पात्रालाही एका वाक्यात निरोप द्यावा, तो सिल्डारच्या शुश्रूषेला मागे थांबला असं काहीतरी. नाहीतर दर लढाईत ते पात्र कोणी चालवायचं यावरून खोळंबा होतो.

हे सगळं करायला हाताशी टिपणं लागतात, आणि बहुतेक गटांचं अडतं ते इथे. तुम्ही डीएम असाल तर आजच्या सेशननंतर, फासे पिशवीत भरण्याआधी, चार ओळी लिहा: पात्रं कुठे आहेत आणि वेळ कोणती, पुढचा निर्णय कोणता, कोणत्या मित्राला त्यांच्याकडून काय हवं आहे, आणि कोणती खूण दिली पण अजून कुणी उचललेली नाही. तारीख घाला. पुढचं सेशन पंधरा दिवसांनी आहे असं ठरलेलं असलं तरी लिहा.